घडीच्या तळाशी
हत्तीरोग : लेखांक ४

पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात रोवणी सुरू झाली की हत्तीपायाच्या माणसांचे हालही सुरू होतात. भंडारा-गडचिरोलीकडच्या गावांत भेटते तशी एक बाई डोळ्यांसमोर आणू. वय पन्नाशीचं, डावा पाय बारा-पंधरा वर्षांपासून सुजलेला. दिवसभर बांधीतल्या चिखलात उभी राहून संध्याकाळी ती घरी येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढतो, जांघेत अवधाण येतं, पाय लालबुंद होऊन ठणकू लागतो. चार-पाच दिवस अंथरुणात जातात आणि मजुरी बुडते. ताप उतरल्यावर सूजही उतरते, पण पूर्वीइतकी नाही. पाय दरवेळी थोडा जाड, थोडा टणक होत जातो.

घरचे म्हणतात, "जंतू पुन्हा उठले." बराच काळ डॉक्टरांचाही समज असाच काहीसा होता, की हा ताप हत्तीरोगाच्या कृमींमुळेच येतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दुखणं बारकाईने पाहिलं, तेव्हा या प्रकारच्या तापाचं मूळ त्वचेवरच्या साध्या जिवाणूंत निघालं. कृमींनी लसिकावाहिन्या आधीच निकामी केलेल्या असतात. त्यामुळे पायात साचलेला प्रथिनयुक्त द्रव वर सरकत नाही, आणि आत शिरलेल्या जिवाणूंशी लढायची व्यवस्थाही तिथे लंगडी पडलेली असते. कृमी कधीच मेलेले असले तरी ताप येत राहतो, तो यामुळे. डीईसीच्या गोळ्या रक्तातले जंतू मारतात. या तापावर त्यांचा उपयोग नाही.

मग जिवाणू शिरतात कुठून? बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यांतून. शेतकऱ्याला ज्या 'चिखल्या' नेहमीच्याच वाटतात, त्याच इथे उघडं दार ठरतात. दुसरी जागा घड्यांची. ड्रायर यांनी सुजेच्या सात पायऱ्या सांगितल्या. रात्रभर पाय वर ठेवल्यावर सकाळी ओसरणारी सूज ही पहिली. तिसऱ्या पायरीत घड्या पडतात, पण पाय हलवला की त्यांचा तळ दिसतो. पाचवीत घडी इतकी खोल जाते की ती हातांनी फाकवल्याशिवाय तळ दिसतच नाही. तिथे ऊन पोचत नाही, वारा लागत नाही. त्वचा पांढुरकी, लिबलिबीत होते आणि वास मारू लागतो. त्या वासाने लाजून माणूस पायावर कापड गुंडाळतो, आणि आतली ओल आणखी वाढते.

आपल्या बाईसाठी उपाय न्हाणीतच आहे. रोज निदान एकदा, रात्री झोपण्याआधी, आणि चिखलातून आल्यावर तर लगेच पाय धुवायचा. पाणी साधं, स्वच्छ. कढत पाण्याने ना सुजेला फायदा, ना त्वचेला. आधी उजेडात बसून बेचके आणि घड्या फाकवून चिरा, फोड बघायचे. मग साध्या साबणाचा फेस करून सूज जिथे सुरू होते तिथून खाली येत, प्रत्येक घडीत बोट फिरवायचं. वज्री किंवा ब्रश वापरायचा नाही, त्याने नव्या जखमा होतात. ओतलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं.

इथवर बरेच जण करतात. फसतात ते पुढे. धुऊन तशीच ओली राहिलेली घडी न धुतलेल्या घडीइतकीच धोक्याची. धुतलेल्या सुती कापडाने न घासता टिपायचं, बेचक्यांत कापडाची पातळ पट्टी सरकवून ओल शोषून घ्यायची. त्वचा पांढुरकी, खाजरी असेल तर बुरशीचं मलम, चीर असेल तर जंतुनाशक मलम. आरोग्य केंद्रातून रुग्णांना टब, मग, टॉवेल, साबण, मलम असा संच देतात. खरा कस लागतो तो टॉवेल रोज धुऊन उन्हात वाळवण्यात. झोपताना खाटेच्या पायथ्याच्या पायांखाली विटा ठेवायच्या. दिवसा बसल्या जागी घोटा वरखाली हलवत राहायचा.

यातून काय मिळतं? वास काही दिवसांत जातो, तापाच्या खेपा कमी होतात. सुरुवातीच्या पायऱ्यांतली सूज बरीच ओसरू शकते, पण पाचव्या पायरीची घडी पूर्ण मिटण्याची आशा दाखवणं खोटं ठरेल. म्हणूनच पहिली चिखली दिसते तेव्हाच सुरुवात करायला हवी.

तरीही ताप आलाच, तर व्यायाम बंद. पाय उंचावर ठेवून गार पाण्याच्या पट्ट्या, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक. शेक किंवा गरम लेप नको, फोड फोडणं नको. औषध सुरू होऊन दिवस उलटला तरी ताप हटत नसेल, पू येत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर घरी न थांबता थेट रुग्णालय गाठायचं.

(पुढच्या लेखात : अंडवृद्धी आणि तिची शस्त्रक्रिया)