परदेशात ‘चक्कर’ कशी सांगाल?

मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी जाण्याची तयारी सुरू झाली, की बुधवार पेठेतील ज्येष्ठांनी अप्पा बळवंत चौकातून एक छोटी वही जरूर आणावी. तेथील डॉक्टरांना आपली व्यथा सांगताना ती उपयोगी पडेल. ‘चक्कर येते’ या साध्या तक्रारीवरून हे समजून घेऊ.

मराठीत चक्कर या एका शब्दात तीन निरनिराळे अनुभव सामावतात. खोली गरगर फिरल्यासारखी वाटणे हा पहिला. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता शुद्ध हरपेल असे वाटणे, म्हणजे भोवळ, हा दुसरा. डोके शांत असूनही चालताना तोल जाणे हा तिसरा. इंग्रजीत पहिल्याला ‘स्पिनिंग’, दुसऱ्याला ‘लाइटहेडेड’ आणि तिसऱ्याला ‘अनस्टेडी’ म्हणतात. नुसते ‘डिझी’ म्हटल्यास यांतले नेमके काय, हे डॉक्टरांना कळत नाही.

तथापि केवळ शब्दावर विसंबू नये. अनुभवाचे वर्णन करताना रुग्णाचा गोंधळ होतो. पण चक्कर केव्हा आली, किती वेळ टिकली आणि कोणत्या हालचालीने आली, हे तो बहुधा अचूक सांगू शकतो. निदानास तेच अधिक उपयोगी ठरते.

समजा, अमेरिकेत गेलेल्या आजोबांना सकाळी चक्कर येते. ‘अंथरुणातून उभा राहिलो की काही क्षण अंधारी येते, बसलो की जाते, रक्तदाबाची गोळी नुकतीच वाढवली आहे,’ असे त्यांनी सांगितले, तर डॉक्टर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजतील. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला, तर उभे राहताना रक्तदाब घसरतो, हे कारण हाती लागते. याउलट, ‘कुशीवर वळताच खोली फिरते आणि मिनिटभरात थांबते,’ असे सांगितले, तर संशय अंतःकर्णातील सुट्या झालेल्या कणांवर जातो. त्यावर डोके विशिष्ट क्रमाने वळवण्याचा उपचार असतो.

घरची माणसे दुभाषी झाली, की ही वाक्ये ‘त्यांना डिझी वाटते’ एवढ्यावर येतात. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषा विनामूल्य द्यावा लागतो; तो पुष्कळदा फोनवर असतो. ‘मराठी’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर हिंदी भाषक जोडून दिला जाण्याचा संभव असतो.

वहीत प्रत्येक चक्करेची वेळ, अवधी आणि हालचाल लिहावी. औषधांची व्यापारी नावे तिकडे ओळखीची नसतात. म्हणून वेष्टनावरील मूळ औषधाचे नाव व मात्रा इंग्रजीत उतरवून घ्यावी. आपले पॅरासिटॅमॉल अमेरिकेत ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ या नावाने मिळते.

मात्र चक्करेबरोबर अचानक बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला किंवा उभेच राहवेना, तर वही शोधत बसू नये. अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999 वर तत्काळ फोन करावा आणि ‘स्ट्रोक’ हा एकच शब्द उच्चारावा.