पदर दोन फूट, दिवस बारा

हातमागाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर लागणाऱ्या घोषवाक्याने दोन गोष्टी सांगायला हव्यात: कापड विणायला किती वेळ गेला आणि त्या वेळाचे विणकराला किती मिळाले. ‘परंपरेचा अनमोल वारसा’ किंवा ‘बोटांतली जादू’ असे फलक यांतले काहीच सांगत नाहीत. शिवाय तेच शब्द यंत्रमागावरच्या नकली साडीवरही तितकेच शोभतात. तेव्हा चांगले घोषवाक्य सुचण्याआधी हिशेब मांडावा लागतो. येवल्याच्या पैठणीचे उदाहरण घेतले की हे नीट कळते.

पैठणीत सगळे दिवस सारखे जात नाहीत. साडीचे अंग विणताना धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरसर फिरतो. पदरावर मात्र मोर, पोपट, वेली असतात आणि तिथे प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी तिल्ली असते. विणकर ताण्याचे धागे मोजतो, हव्या त्या जागेपुरता एक रंग भरतो आणि जिथे दुसरा रंग सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवतो. एक आडवी ओळ पुरी व्हायला अशा कितीतरी तिल्ल्या हाताळाव्या लागतात. म्हणून पदर विणताना माग दिवसभर चालतो आणि कापड दोन बोटे पुढे सरकते.

आता एक साडी मनाशी धरू. आकडे हिशेबापुरते आहेत, नक्षी दाट किंवा विरळ असेल तसे ते बदलतील. साडी सहा वार, म्हणजे 216 इंच. त्यात 192 इंच अंग, रोज 16 इंच विणले तर 12 दिवस. पदर 24 इंच, रोज 2 इंच विणला तर तेही 12 दिवस. म्हणजे लांबीचा नववा हिस्सा असलेल्या पदराने निम्मे दिवस घेतले. घोषवाक्य इथेच तयार होते: ‘पदर दोन फूट, दिवस बारा.’ त्यात एकही विशेषण नाही, तरी फलकासमोर उभा असलेला माणूस पदराकडे नजर वळवतो, कारण वाक्याने त्याला कुठे पाहायचे ते सांगितले.

हे दिवस मोजण्यात एक चूक नेहमी होते. ‘या साडीला सहा महिने लागले’ असे लिहिताना साडी मागावर चढल्याची तारीख आणि उतरल्याची तारीख धरली जाते. मधल्या काळात रेशीम संपल्याने काम थांबलेले असते, घरात लग्न असते, सण असतात, पावसाळी दमटपणात मागही नीट चालत नाही. हे सगळे महिने कष्टाचे म्हणून मोजले की आकडा मोठा दिसतो, पण चौकस गिऱ्हाइकाने ‘रोज किती तास?’ असे विचारले की विक्रेता अडखळतो. मोजायचे ते मागावर बसल्याचे दिवस. त्यासाठी मागापाशी एक वही पुरते: तारीख, किती तास बसले, किती इंच झाले.

वहीत आणखी एक रकाना हवा आणि नेमका तोच बहुधा नसतो. विणकर मागावर असतो तेव्हा घरातले दुसरे कोणी कांड्या आणि तिल्ल्या भरत असते, तुटलेला धागा सांधायला मदत करत असते. बहुतेक घरांत हे काम बायकांचे असते आणि त्याची वेगळी मजुरी धरली जात नाही. आपल्या उदाहरणात विणकराचे रोज 8 तास धरले तर 24 दिवसांचे 192 तास होतात. घरच्या मदतीचे रोज 2 तास धरले की त्यात 48 तासांची भर पडते आणि बेरीज 240 होते. ‘दोघांचे मिळून 240 तास’ हे वाक्य ‘192 तास’पेक्षा अधिक खरे आहे आणि फलकावर लिहायच्या लायकीचे आहे.

किमतीचे घोषवाक्य याहून अवघड. ‘रास्त भाव’ हे शब्द कोणीही लिहू शकतो. भाव कशातून आला ते दाखवले तरच त्या शब्दांना वजन येते. त्याच साडीचा हिशेब असा धरू: रेशीम आणि जर 5,000 रुपये, रंगाई आणि ताण्याची तयारी 800, 600 रुपये रोजाने 24 दिवसांची मजुरी 14,400, प्रदर्शनाचे भाडे आणि प्रवास यांचा वाटा 1,800, विकणाऱ्याला 2,000. बेरीज 24,000. यातून निघणारे वाक्य: ‘किंमत 24 हजार. त्यात मजुरी 14 हजार 400, दिवसाला 600.’ फलकावर मजुरी लिहायला पुष्कळ विक्रेते कचरतात. पण हा एकच आकडा गिऱ्हाईक आपल्या गावातल्या गवंड्याच्या किंवा सुताराच्या रोजाशी ताडून पाहू शकते. घरची मदत धरली तर हीच मजुरी तासाला 60 रुपये पडते, हेही त्याला कळायला हवे.

हाच हिशेब घासाघीस आणि सवलत यांचे खरे रूप दाखवतो. 20 टक्के सूट दिली तर 4,800 रुपये कमी येतात. रेशमाचे, रंगाईचे आणि भाड्याचे पैसे आधीच गेलेले असतात. विकणाऱ्याने आपले 2,000 पूर्ण सोडले तरी उरलेले 2,800 मजुरीतूनच जातात. 14,400 चे 11,600 होतात आणि रोज 600 वरून साधारण 483 वर येतो. ‘कष्टांना योग्य मोल’ या फलकाशेजारी ‘20 टक्के सूट’ची पाटी लागते तेव्हा दुसरी पाटी पहिलीला खोटे पाडते. सूट सरकारी योजनेतून भरून मिळत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तसे पाटीवर लिहावे. नाहीतर ‘भाव एकच, कारण मजुरी ठरलेली’ हे वाक्य लावावे आणि दिवसभर त्यावर ठाम राहावे.

काही शब्द पुराव्याशिवाय फलकावर येऊ नयेत. ‘हातमाग’ लिहिले तर हँडलूम मार्कची चिठ्ठी, ‘शुद्ध रेशीम’ लिहिले तर सिल्क मार्कची खूण कापडावर असावी. येवला आणि पैठणच्या पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे हे नावही सैलपणे वापरायचे नाही. ‘थेट विणकराकडून’ हे तर सर्वांत जपून लिहायचे वाक्य: माग विणकराचा पण रेशीम, नक्षी आणि विक्री व्यापाऱ्याची असेल, तर विणकराला ठरलेली मजुरीच मिळते आणि ‘थेट’ हा शब्द खोटा ठरतो. जर तांब्याची असेल तर ‘सोन्याची’ म्हणू नये.

पैठणीपुरते एक घोषवाक्य असे आहे की त्याचा पुरावा कापडातच असतो: ‘पदर उलटा करून पाहा.’ रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असल्याने मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत नक्षीच्या मागे मोकळे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात.

हे सगळे एका फलकावर कोंबू नये. चार-पाच पावलांवरून वाचता येईल असे मोठ्या अक्षरांतले एकच वाक्य वर असावे, ‘पदर दोन फूट, दिवस बारा’ एवढे पुरे. मजुरीचा हिशेब प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर असावा, कारण दिवस प्रत्येक साडीचे वेगळे असतात. आणि मागाची वही स्टॉलच्या टेबलावर उघडी ठेवावी. साडी घेणाऱ्याने पदर उलटून पाहावा, मग वही मागावी.