दोन पानांचं एक पान

डबल लिफ्ट म्हणजे काय, हे या अंकाच्या जादूप्रेमी वाचकाला नव्याने सांगायला नको. दोन पानं एकच म्हणून उलटायची, बस्स. हातचलाखीच्या इंग्रजी पुस्तकांत ती फार जुनी आहे. ह्यूगार्ड आणि ब्राऊ या जोडीने १९४० च्या ‘एक्सपर्ट कार्ड टेक्निक’मध्ये तिच्या कितीतरी रीती एकत्र केल्या. त्यानंतर प्रत्येकाने आपापली भर घातली आणि रीतींचं नुसतं जंगल झालं. त्या जंगलात मी शिरत नाही. मला त्यातल्या एकाच वाटेबद्दल बोलायचं आहे, आणि ती डाय व्हर्ननची.

१९२२ साली शिकागोत याच व्हर्ननने हुडिनीला चकवलं. तीनदा पाहिलेली कुठलीही जादू मी ओळखतो, अशी हुडिनीची बढाई होती. प्रेक्षकाचं पान मध्ये घालायचं आणि ते पुन्हा वरच निघायचं, हा तो खेळ. आपण त्याला अँबिशस कार्ड म्हणतो. व्हर्नन पुढे आयुष्यभर एकच सांगत राहिला: हात नैसर्गिक ठेवा. सगळे मान डोलावतात. पण नैसर्गिक म्हणजे नेमकं कसं, हे विचारलं की गप्प होतात.

उत्तर या खेळातच आहे. समजा वर किलवरची नव्वी आहे आणि तिच्याखाली प्रेक्षकाची बदामाची सत्ती. दोन्ही मिळून उलटली की सत्ती दिसते. पुन्हा पालथी करून वरचं पान, म्हणजे खरं तर नव्वी, कॅटच्या मध्ये सारायचं. आता वर सत्ती आहे, आणि ती दाखवायला एकच पान उलटायचं आहे. लागोपाठ दोन उलटणं, पहिलं जोडपान आणि दुसरं सुटं. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर दोन्हींची तुलना आपोआप होते. म्हणून आधी तुमचा हात एक पान कसं उलटतो ते पाहा. रमी खेळताना तुम्ही पान चार बोटांच्या चिमटीत मागच्या कडेने आवळून उचलता का? मग जादू करतानाच का?

मी शिकवतो ती रीत साधी आहे. कॅट डाव्या हातात, पत्ते वाटताना धरतो तसा. तो नीट जुळवताना उजवा हात वरून येतो, अंगठा मागच्या कडेवर दोन पानं किंचित उचलतो आणि डाव्या करंगळीच्या टोकाचं मांस त्या फटीत बसतं. फट समोरून दिसली तर ती फार मोठी आहे. हे काम प्रेक्षक हसत असताना किंवा नाव सांगत असताना, उलटण्याच्या बरंच आधी उरकायचं. ऐनवेळी कडेशी खुडबुड करणारा अंगठा सगळं सांगून टाकतो. मग उजव्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्याशी तर्जनी खाली, अंगठा वर, आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं डावीकडे. पानं कॅटवर उताणी पडताना करंगळी जागची हलवायची नाही. ती त्यांच्याखाली राहते आणि परतीची फट आयती मिळते. हा शेवटचा भाग बहुतेक पुस्तकं दोन ओळींत उरकतात, आणि नवशिके नेमके तिथेच अडकतात. पालथी करताना दुसऱ्यांदा फट शोधू लागले की खेळ संपलाच.

फसल्याचं लक्षण काय? कडेला पायरी दिसते, म्हणजे दुसरं पान डोकावतं. त्यावर दाब वाढवणं हा उपाय नव्हे. घट्ट धरलं की पानं वाकतात आणि एकमेकांवर सरकतात. आपल्याकडच्या प्लास्टिकच्या पत्त्यांत हे जास्तच होतं, आणि पावसाळ्यात दमट झालेले कागदी पत्ते उलट चिकटून तीन येतात. म्हणून सरावाचा कॅट वेगळा ठेवा आणि खेळाआधी वरची पानं हाताखालून घाला.

काही मंडळींचा आग्रह असा की जोडपान हवेत फिरवावं, टिचकी मारावी, गालावर आपटावं, म्हणजे ते एकच आहे हे ‘सिद्ध’ होतं. मला हे कधीच पटलं नाही. ज्याचा संशय कुणी घेतलेला नाही ते सिद्ध कशाला करायचं? एकच पान हातात असताना माणूस असं वागतो का? हल्लीच्या रीलमध्ये तर जोडपान बोटांवर नाचतं आणि खेळ राहतो बाजूला. आमच्या पिढीत रमीचे जुने पत्ते घेऊन एकमेकांसमोर बसायचो, आणि समोरचा फक्त एवढंच सांगायचा: आत्ता एक होतं की दोन, कळलं.

तुम्हीही तेवढंच करा. घरच्या कुणाला समोर बसवा, कधी एक उलटा, कधी दोन, मध्येच गप्पा मारा. तो ओळखत असेल तर जोडपानाची रीत बदलू नका. सुटं पान उलटायची सवय आधी तपासा.