साठातले तीस फ्रेम कोणाचे?

'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' खेळायला कोणता कॉम्प्युटर लागेल, याचा तक्ता कॅपकॉम या जपानी कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केला आणि त्यातल्या एका ओळीने गेमर मंडळी चक्रावली. मध्यम सेटिंगवर, 1080p रिझोल्यूशनला सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर आरटीएक्स 4060 किंवा त्याच्या तोडीचं कार्ड घ्या आणि 'फ्रेम जनरेशन' चालू ठेवा, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे साठ फ्रेम दिसणार खऱ्या, पण गेमने स्वतः काढलेल्या त्यातल्या तीसच.

बाकीच्या तीस कुठून आल्या? इथे दोन वेगळ्या युक्त्या आहेत. जाहिरातीत त्यांची मोट एकत्र बांधली जात असल्याने ग्राहकाचा गोंधळ होतो.

पहिली युक्ती अपस्केलिंगची. 1080p च्या पडद्यावर सुमारे 20 लाख 73 हजार पिक्सेल असतात. 'क्वालिटी' हा पर्याय निवडला की कार्ड चित्र 720p मध्ये, म्हणजे 9 लाख 21 हजार पिक्सेलमध्येच काढतं. उरलेला तपशील एनव्हिडियाचं डीएलएसएस किंवा एएमडीचं एफएसआर आधीच्या फ्रेममधून आणि वस्तू कुठे सरकल्या या नोंदीवरून भरून काढतं. काम निम्म्याहून कमी झाल्याने फ्रेम लवकर तयार होते आणि माउस हलवल्याचा परिणामही लवकर दिसतो. ही कमाई खरी आहे. मात्र ती सगळ्यांना सारखी पचत नाही. 4K पडद्यावर हाच पर्याय 1440p च्या भरघोस चित्रापासून सुरुवात करतो. 1080p वाल्याच्या हाती मुळात 720p येतं, म्हणून दूरची जाळी लुकलुकते आणि पळणाऱ्या प्राण्याच्या केसांमागे धूसर शेपूट दिसतं. मध्यम कार्ड घेणाऱ्याकडे पडदा बहुधा 1080p चाच असतो, ही त्यातली गंमत.

दुसरी युक्ती फ्रेम जनरेशनची. गेमने काढलेल्या दोन फ्रेम समोर ठेवून सॉफ्टवेअर त्यांच्या मधली तिसरी कल्पनेने रंगवतं. त्यासाठी दुसरी फ्रेम तयार असूनही थोडा वेळ रोखून धरावी लागते. गेम सेकंदाला तीस फ्रेम काढत असेल, तर दोन फ्रेममध्ये 33 मिलिसेकंदांचं अंतर असतं. अर्ध्या फ्रेमएवढं थांबायचं म्हटलं तरी 16-17 मिलिसेकंदांचा उशीर वाढला. शिवाय मधली फ्रेम रंगवायलाही कार्डाचीच ताकद खर्च होते. डोळ्याला साठ दिसतात, पण बटण दाबल्यावर तलवार उचलली जाते ती तिसाच्याही मागच्या चालीने. अशा वेळी हालचाल गुळगुळीत असूनही पात्र चिखलातून चालल्यासारखं वाटतं. मूळ फ्रेम कमी असल्या की दोन फ्रेममधला फरक मोठा असतो, त्यामुळे अंदाजही जास्त चुकतो.

एएमडीचा स्वतःचा सल्ला असा की, फ्रेम जनरेशन सुरू करण्याआधी गेम साठच्या आसपास चालत असावा. कॅपकॉमचा तक्ता नेमका उलट वाटेने गेला होता: साठ गाठण्यासाठीच ती कुबडी.

घरचा मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल, तर प्रकरण आणखी फसतं. तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. व्ही-सिंक लावून फ्रेम जनरेशन चालू केलं की गेमला तीसवरच रोखलं जातं. पन्नास फ्रेम स्वबळावर काढणारं कार्ड असं तिसावर येऊन बसतं! ही सोय 120 किंवा 144 हर्ट्झच्या पडद्यासाठी आहे.

एका दुखण्यावर मात्र दोन्ही युक्त्यांचा फारसा उतारा चालत नाही, ते म्हणजे कार्डाची मेमरी. आरटीएक्स 4060 मध्ये ती 8 जीबी आहे. अपस्केलिंगने चित्राचा आकार घटतो, पण दगड, कातडी, कापड यांचे टेक्श्चर तेवढेच राहतात आणि फ्रेम जनरेशन वर आणखी जागा मागतं. मेमरी भरली की माल मदरबोर्डवरून रॅममध्ये ये-जा करू लागतो. जुन्या पीसीआय एक्स्प्रेस 3.0 बोर्डावर ही वाट 4.0 च्या निम्मीच रुंद असते. लक्षण ओळखता येतं: पहिली दहा मिनिटं गेम छान चालतो, मग मान वळवली की झटका बसतो किंवा भिंत क्षणभर मेणासारखी दिसते. टेक्श्चर एक पायरी खाली आणले की बहुतेकदा झटके जातात.

'वाइल्ड्स'चं बेंचमार्क स्टीमवर फुकट मिळतं. आरटीएक्स 4060 वाल्याने ते आधी अपस्केलिंग 'क्वालिटी'वर ठेवून आणि फ्रेम जनरेशन बंद करून चालवावं. सरासरीबरोबर गर्दीच्या दृश्यांत आकडा किती खाली जातो तेही बघावं. तिथेही 55-60 टिकत असेल आणि पडदा 144 हर्ट्झचा असेल, तर फ्रेम जनरेशन खुशाल चालू करावं. कार्ड या गेमला पुरेसं आहे. आकडा 35 वर घुटमळत असेल, तर आधी सावल्या आणि गवताची घनता कमी करावी, टेक्श्चर उतरवावेत आणि बेंचमार्क पुन्हा चालवावं, फ्रेम जनरेशन तेव्हाही बंदच ठेवून.