सामायिक संगणकावर खासगी ब्राउझिंग

घरातला संगणक चौघे वापरतात आणि त्यांपैकी एकाला एखाद्या आजाराची माहिती गुपचूप शोधायची आहे. अशा वेळी क्रोममध्ये Ctrl+Shift+N दाबून इन्कॉग्निटो खिडकी आधीच उघडणे सर्वांत सोयीचे. पाहिलेल्या पानांची नोंद ब्राउझर ठेवत नाही आणि कुकीज खिडकी बंद होताच पुसल्या जातात. मात्र इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या मिळून एकच सत्र असते. एक जरी उघडी राहिली, तरी लॉगिन चालूच राहते. उतरवलेली पीडीएफ तर डाउनलोड्समध्ये तशीच पडून असते, आणि बहुतेकांचे बिंग तिथेच फुटते.

शोध साध्या खिडकीत होऊन गेला असेल, तर हिस्टरी पुसण्यावाचून गत्यंतर नाही. Ctrl+Shift+Delete दाबल्यावर आधी कालावधी पाहावा. तिथे शेवटचा तास निवडलेला असेल, तर सकाळचा शोध जागच्या जागी राहतो. सिंक चालू असल्यास त्याच खात्याला जोडलेल्या फोनवरची हिस्टरीही जाते. गूगल खात्यात साठलेले शोध मात्र माय अ‍ॅक्टिव्हिटीत जाऊन वेगळे पुसावे लागतात. पूर्ण हिस्टरी कोरी दिसली की घरच्यांना उलट शंका येते, म्हणून तेवढ्याच नोंदी निवडून काढलेल्या बऱ्या.

पॉप-अप रोखणे हे मुळात गोपनीयतेचे साधनच नव्हे. त्याने आगंतुक खिडक्या थांबतात, नोंदी नाही. शिवाय ऑफिसचे नेटवर्क, इंटरनेट पुरवठादार आणि खुद्द संकेतस्थळ यांच्यापासून यांपैकी कोणताही उपाय भेट दिल्याचे लपवत नाही.