एकाच अक्षराचा सुकाळ

१९७२ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरातून एलोइज गिब्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन लहान मुलांविषयी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. गिब्लेट यांचा विषय रक्तातले आनुवंशिक फरक. प्रतिकारशक्तीच्या आजारांशी त्यांचा थेट संबंध नव्हता. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या तयारीत एका मुलाचे रक्त त्यांच्याकडे तपासायला आले आणि त्यांच्या नेहमीच्या यादीतले एक एन्झाइम त्यांना त्यात सापडलेच नाही. अ‍ॅडेनोसीन डीअ‍ॅमिनेज, म्हणजे एडीए. दुसऱ्या मुलाच्या रक्तातही तेच. दोन्ही मुलांच्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ निकामी होत्या.

हे कोडेच होते. एडीएचे काम तसे सफाईचे. पेशी मरते, तिचा डीएनए मोडतो आणि त्यातून डीऑक्सिअ‍ॅडेनोसीन नावाचा तुकडा सुटतो. त्याची विल्हेवाट एडीए लावते. हे एन्झाइम शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत असते. मग ते नसताना यकृत, मेंदू, कातडी बऱ्यापैकी चालू राहतात आणि मरण ओढवते ते मुख्यतः लिम्फोसाइटवर, असे का? उत्तर एडीएमध्ये नव्हते. ते एका दुसऱ्याच एन्झाइमात होते आणि त्या एन्झाइमाचे नाव रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. नाव लांबलचक आहे, त्यामुळे यापुढे नुसते रिडक्टेज म्हणू.

डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी, सी. ही अक्षरे पेशीला तयार मिळत नाहीत. तिच्याकडे विपुल असतात ती आरएनएची अक्षरे, म्हणजे रायबोन्यूक्लिओटाइड. दोन्हींत फरक एवढाच, की आरएनएच्या अक्षरातल्या साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजनचा एक अणू असतो आणि डीएनएच्या अक्षरात तो नसतो. म्हणून त्याला ‘डीऑक्सी’ म्हणायचे. तो ऑक्सिजन काढणारे एन्झाइम म्हणजे रिडक्टेज. पेशीत डीएनएची अक्षरे नव्याने घडवायची वाट हीच आहे. स्टॉकहोममध्ये पीटर राइखार्ड यांनी १९६०च्या दशकापासून या एन्झाइमाचा पिच्छा पुरवला आणि आज आपल्याला ठाऊक असलेले बरेच काही त्यांच्या प्रयोगशाळेतून आले आहे.

पेशी ही अक्षरे साठवून का ठेवत नाही, असा प्रश्न पडेल. थोडा हिशेब करू. माणसाच्या एका पेशीला विभागताना सुमारे १,३०० कोटी अक्षरे लागतात. विभागणाऱ्या पेशीत चारही डीऑक्सी अक्षरांची तीव्रता साधारण २० मायक्रोमोलरच्या आसपास धरली आणि पेशीचे आकारमान एका लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या दुप्पट धरले, तर कोणत्याही क्षणी पेशीत मिळून १० कोटींच्या घरात अक्षरे असतात. म्हणजे गरजेच्या एक टक्क्याहूनही कमी. डीएनएची नक्कल करायला पेशीला सात-आठ तास लागतात. त्या वेगाने हा साठा जेमतेम चार मिनिटे पुरेल. रिडक्टेज थांबले, की थोड्याच वेळात नक्कल अडते.

साखरेतून ऑक्सिजन उपटणे रासायनिकदृष्ट्या अवघड काम आहे. एन्झाइमाचे दोन भाग असतात. लहान भागात लोखंडाच्या दोन अणूंशेजारी एका टायरोसीनवर एक सुटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन जपून ठेवलेला असतो. रसायनशास्त्रात याला मुक्त मूलक म्हणतात. एरवी असे मूलक क्षणभरही टिकत नाहीत, पण हे टिकते. काम सुरू होताना त्याचा प्रभाव ३५ अँगस्ट्रॉम, म्हणजे अणूंच्या मापाने फार मोठे अंतर, पार करून मोठ्या भागातल्या एका सिस्टीनपर्यंत जातो आणि तिथे साखरेवर प्रत्यक्ष कारवाई होते. एमआयटीच्या जोअ‍ॅन स्टबी यांनी ही वाट अनेक वर्षे खपून उलगडली. विदर्भातल्या अनेक घरांत या मूलकावरचे औषध रोज घेतले जाते, फक्त त्या नावाने कोणी ओळखत नाही. सिकलसेलच्या रुग्णांना दिली जाणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल हेच मूलक विझवते. म्हणूनच ती घेणाऱ्यांना ठरावीक मुदतीने रक्तपेशींची मोजणी करावी लागते, कारण वेगाने विभागणाऱ्या मज्जेच्या पेशींना अक्षरांची चणचण सर्वांत आधी भासते.

पण रिडक्टेजचे खरे कसब अक्षरे घडवण्यात नाही. एन्झाइम एक, अक्षरे चार, आणि चारही प्रमाणात हवीत. एखादे वाजवीपेक्षा जास्त झाले, तर नक्कल करणारे यंत्र योग्य अक्षराऐवजी हाताशी असलेले तेच चुकून बसवते. यीस्टच्या रिडक्टेजमध्ये एकच अमिनो आम्ल बदलून सी आणि टी सुमारे वीस पटींनी वाढवले, तेव्हा उत्परिवर्तनांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले दिसले.

हे प्रमाण एन्झाइम स्वतःच राखते. मोठ्या भागावर कारवाईच्या जागेशिवाय आणखी दोन बैठका असतात. पहिल्या बैठकीवर कोण बसले आहे, यावरून कोणते अक्षर घडवायचे ते ठरते. तिथे एटीपी, म्हणजे पेशीचे नेहमीचे ऊर्जाचलन, बसले, की एन्झाइम सी आणि यू हाती घेते. यूपासून पुढे टी बनतो. टी जमा झाला, की तोच त्या बैठकीवर येऊन बसतो आणि एन्झाइम जी घडवू लागते. जी जमा झाला, की तो बसतो आणि मग ए घडतो. म्हणजे सामान्यतः शेवटी भरतो तो डीऑक्सी-ए, ज्याला पुस्तकात डीएटीपी म्हणतात.

दुसरी बैठक म्हणजे सुरू-बंदचे बटण. तिथे एटीपी असेपर्यंत एन्झाइम चालते. डीऑक्सी-ए पुरेसा वाढला, की तो तिथे बसतो आणि सगळेच काम थांबते, चारही अक्षरांचे. माणसाच्या एन्झाइमात तेव्हा सहा मोठे भाग एकमेकांना चिकटून कडे बनवतात. ई. कोलाय जीवाणूत चार मोठे आणि चार लहान भाग अशा रीतीने अडकतात, की मूलकाची वाट मध्येच तुटते.

गच्चीवर चार टाक्या आहेत, त्या ठरावीक क्रमाने भरतात आणि फ्लोट फक्त शेवटच्या टाकीत बसवला आहे, असे समजा. शेवटची टाकी भरली म्हणजे आधीच्या तीन भरल्याच असणार. म्हणून एका फ्लोटवर मुख्य नळ बंद केला तरी चालते. ही काटकसर हुशारीची आहे, पण ती एका गृहीतावर उभी आहे: शेवटच्या टाकीत पाणी त्याच नळातून आले पाहिजे. कोणी बाहेरून बादल्या ओतल्या, तर फ्लोट उचलला जाईल, नळ बंद होईल आणि बाकीच्या टाक्या कोरड्या राहतील.

एडीए नसलेल्या मुलांत नेमके हेच घडते. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी लिम्फोसाइट तयार होतात आणि तयार होणाऱ्या शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक पेशी तिथेच छाटल्या जातात. एवढ्या मरणाऱ्या पेशींच्या डीएनएतून भरपूर डीऑक्सिअ‍ॅडेनोसीन सुटते. एडीए नसल्याने त्याची विल्हेवाट लागत नाही. उरलेल्या पेशी ते आत घेतात. लिम्फोसाइटमध्ये त्याला फॉस्फेट जोडणारी एन्झाइमे जोरदार असतात आणि फॉस्फेट काढणारी कमजोर. बघता बघता डीऑक्सी-एचा ढीग साचतो. इतर अवयवांत हा ढीग तसा साचत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशा रुग्णांच्या तांबड्या पेशींत डीऑक्सी-ए मोजला गेला, तेव्हा तो नेहमीच्या शेकडो पटींनी जास्त भरला. दुरून पाहणाऱ्याला वाटेल, या पेशींना अक्षरांची काय कमी? पण एकाच अक्षराच्या सुकाळाने बाकीच्या तिघांचा दुष्काळ पडलेला असतो आणि पेशी विभागू शकत नाही.

स्पष्टीकरण पटण्याजोगे असले, तरी त्याची परीक्षा व्हायला हवी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी पेशींतले एडीए बंद करून त्यांना डीऑक्सिअ‍ॅडेनोसीन दिले, तर त्या मरतात. सोबत डीऑक्सिसायटिडीन, म्हणजे तयार सी अक्षराचा कच्चा माल, दिला तर काही प्रमाणात वाचतात. यात एक मेख आहे. न विभागणाऱ्या लिम्फोसाइटही याच विषाने मरतात आणि त्यांना नक्कल करायचीच नसते. डीऑक्सी-ए पेशीच्या आत्मनाशाची यंत्रणाही चेतवतो, शिवाय डीऑक्सिअ‍ॅडेनोसीन एका वेगळ्या एन्झाइमाला अडवते. रिडक्टेजचा नळ बंद होणे हे या आजाराचे मोठे कारण आहे, एकमेव नाही.

या आजारातून एक औषध मात्र हाती आले. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत डेनिस कार्सन यांनी विचार केला, की लिम्फोसाइट मरण्याचा हा प्रकार लिम्फोसाइटच्याच कर्करोगावर वळवता येईल का. डीऑक्सिअ‍ॅडेनोसीनवर क्लोरीनचा एक अणू बसवला, की एडीए असूनही त्याला ते मोडता येत नाही. हे क्लॅड्रिबीन. लिम्फोसाइट ते आत घेतात, त्याला फॉस्फेट जोडतात आणि नैसर्गिक डीऑक्सी-एसारखे ते रिडक्टेज बंद पाडते. १९९० साली ‘हेअरी सेल ल्युकेमिया’ या दुर्मीळ रक्तकर्करोगाच्या १२ रुग्णांना त्याचा सात दिवसांचा एकच क्रम दिला गेला आणि ११ जणांत रोगाच्या खुणा पूर्ण नाहीशा झाल्या. औषधांच्या इतिहासात असे आकडे क्वचितच दिसतात.

आजारी मुलांसाठीही मार्ग निघाले. जुळणाऱ्या भावंडाची मज्जा हा अजूनही उत्तम उपाय. १९९०मध्ये अमेरिकेत गाईपासून मिळवलेले एडीए इंजेक्शनने द्यायला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या आजाराच्या चार वर्षांच्या मुलीवर जनुकोपचाराची पहिली मान्यताप्राप्त चाचणी झाली. पण या सगळ्याचा उपयोग आजार वेळेत ओळखला तरच.

ओळखण्याची पहिली खूण साध्या सीबीसी तपासणीत असते. काही महिन्यांच्या बाळात लिम्फोसाइटची एकूण संख्या ३,०००च्या खाली असेल आणि सोबत वारंवार न्यूमोनिया, तोंडात न हटणारा पांढरा चट्टा, न थांबणारे जुलाब, वजन न वाढणे असे असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे प्रतिकारशक्तीच्या तपासणीचा आग्रह धरावा. हा आजार आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो, त्यामुळे आतेमामे भावंडांच्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे बीसीजीची लस जन्मतःच देतात. ती जिवंत जंतूंची लस असल्याने अशा बाळाच्या अंगभर पसरू शकते. घरात आधीचे एखादे बाळ पहिल्या वर्षी जंतुसंसर्गाने गेले असेल, तर पुढच्या बाळाला ती टोचण्याआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.