दादऱ्याची गाठ

कथेच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं : 'आईच्या आठवणीने सुरेश व्याकूळ झाला.' वाचकाला नुसती बातमी मिळाली. आता 'व्याकूळ' खोडा आणि लोणच्याची बरणी आणा. पानं वाढताना ताई दादरा सोडायला जाते. सुरेश तिच्या हातून बरणी घेतो, आईने मारलेली गाठ बघतो आणि बरणी परत फडताळात ठेवतो. "आज नुसता वरणभात चालेल." ताई काही बोलत नाही.

मात्र आधीच्या एखाद्या प्रसंगात आई दादरा बांधताना ओझरती दिसायला हवी. नाहीतर सुरेशला लोणचं आवडत नाही, एवढंच वाचक समजेल. शेवटी 'त्याचे डोळे पाणावले' लिहायचा मोह (मलाही) होतोच. ते वाक्य झाकून प्रसंग कुणाला तरी वाचायला द्या. त्याला कळलं, तर वाक्य खोडा.